पंपाने न जाणारी घरघर: लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकलेला तुकडा कसा ओळखायचा आणि दुर्बीण कधी घालायची

एक ते तीन वर्षांचं मूल. आतापर्यंत छातीची कसलीच तक्रार नव्हती, आणि एका ठरावीक दिवसापासून घरघर सुरू झाली. वाफ दिली की थोडं बरं वाटतं, स्टेरॉइडचं औषध दिलं की आठवडाभर छान जातो, औषध संपलं की पुन्हा तेच. अशा मुलाच्या फाइलवर हळूहळू ‘बाळदमा’ असं लिहिलं जातं. पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण काही मुलांच्या श्वासनलिकेत शेंगदाण्याचा अर्धा दाणा, एखादी बी किंवा खेळण्याचा तुकडा आठवड्यानुआठवडे बसलेला असतो, आणि दम्याची औषधं त्याच्याभोवतीची सूज तेवढी कमी-जास्त करत राहतात.

हा लेख मुख्यतः अशा उशिरा सापडणाऱ्या मुलांबद्दल आहे. ज्यांच्याकडे अशी मुलं आधी येतात त्या डॉक्टरांसाठी तो लिहिला आहे आणि पालकांसाठीही, कारण या निदानाची किल्ली बहुतेक वेळा घरातल्याच कुणाच्या तरी आठवणीत असते.

त्याआधी तातडीची गोष्ट. मूल आत्ता, डोळ्यांसमोर गुदमरत असेल आणि जोरात खोकत किंवा रडत असेल, तर त्याला खोकू द्या. त्या क्षणी खोकल्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. खोकल्याचा आवाजच निघत नसेल, रडता येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर मदतीसाठी ओरडा आणि मुलाला पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने 5 जोरदार थापा मारा. वस्तू निघाली नाही तर एक वर्षावरच्या मुलाला मागून धरून बेंबीच्या वर पोटावर 5 वेळा आत-वर दाब द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही. त्याला उताणं करून छातीच्या मध्यावर दाब द्यायचा. वस्तू बाहेर येईपर्यंत थापा आणि दाब आलटून पालटून चालू ठेवा. मूल बेशुद्ध पडलं तर लगेच सीपीआर सुरू करा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट फिरवू नका, ती आणखी खाली ढकलली जाते.

ठसक्यानंतरची फसवी शांतता

या वयातच हे जास्त का होतं, याचं कारण दातांत आहे. पुढचे दात आधी येतात, त्यामुळे मूल तुकडा तोडू शकतं. दळणाऱ्या दाढा नंतर येतात आणि पूर्ण संच बसायला अडीच वर्षांच्या आसपासचा काळ लागतो. म्हणजे कठीण तुकडा तोंडात जातो, पण बारीक होत नाही. त्यात मूल तोंडात घास ठेवून धावतं, हसतं, रडतं. हसताना किंवा रडताना एकदम खोल श्वास आत ओढला जातो आणि त्याबरोबर तुकडा स्वरयंत्राच्या पलीकडे जातो.

मग जोराचा ठसका लागतो. चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं, कधी उलटी होते, कधी क्षणभर श्वास अडकतो. हे काही सेकंद ते काही मिनिटं चालतं. तुकडा खालच्या एखाद्या नळीत जाऊन स्थिर बसला की तिथल्या संवेदना थकतात आणि खोकला थांबतो. मूल खेळायला लागतं. घरच्यांना वाटतं, निघालं किंवा गिळलं गेलं. ही शांतता काही तास टिकते, काही दिवस टिकते, कधी आठवडे टिकते. त्यानंतर सूज, कफ आणि जंतुसंसर्ग सुरू होतो. तेव्हा मूल खोकला, घरघर किंवा तापासाठी डॉक्टरांकडे येतं आणि त्या ठसक्याचा कुणी उल्लेखच करत नाही. यात लपवाछपवी क्वचितच असते. दोन घटनांमध्ये इतके दिवस गेलेले असतात की त्यांचा संबंध कुणाच्या मनात येत नाही.

शेंगदाण्यासारख्या तेलबिया यात विशेष वाईट. त्यांतल्या तेलामुळे नळीचं अस्तर लवकर सुजतं आणि तुकड्याभोवती मऊ, सहज रक्त येणाऱ्या गाठी वाढतात. वाळलेली कडधान्यं ओलावा शोषून फुगतात. प्लास्टिकचा गुळगुळीत तुकडा मात्र महिनोन्‌महिने फारसा त्रास न देता बसू शकतो.

नेमकं काय आणि कुणाला विचारायचं

‘मुलाने काही गिळलं होतं का?’ या प्रश्नाला जवळजवळ नेहमी ‘नाही’ असंच उत्तर मिळतं. गिळलेलं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून ते उत्तर प्रामाणिकही असतं. प्रश्नच बदलायला हवा.

मी सुरुवात तारखेपासून करायला सांगेन. घरघर कधीपासून, एवढं पुरेसं नाही. कोणत्या दिवशी सुरू झाली? त्याच्या आदल्या दिवशी मूल पूर्ण बरं होतं का? दोन-तीन दिवस सर्दी, मग ताप, मग खोकला, मग घरघर असा क्रम असेल तर तो विषाणूंचा मार्ग आहे. सर्दी नाही, ताप नाही आणि जेवणानंतर किंवा खेळताना एकदम खोकला सुरू झाला असेल, तर तिथे थांबून खोलात जायचं.

पुढचा प्रश्न ठसक्याबद्दल, आणि तो वर्णन करून विचारायचा: तोंडात काही असताना मूल एकदम खोकायला लागलं, लाल किंवा निळं झालं, श्वास घेता येईनासा झाला आणि मग आपोआप ठीक झालं, असं गेल्या दोन-तीन महिन्यांत एकदा तरी झालं का? त्या वेळी जवळ कोण होतं? इथे आईवडिलांवर थांबायचं नाही. दिवसभर मुलाजवळ असणारी आजी, सांभाळणाऱ्या मावशी, पाळणाघरातल्या ताई, मोठं भावंडं, या सगळ्यांना विचारायचं. चार-पाच वर्षांचं भावंडं अनेकदा सरळ सांगून टाकतं की मी त्याला दिलं होतं. फोन लावून विचारावं लागलं तरी तपासणी चालू असतानाच लावा. ‘घरी जाऊन विचारा आणि कळवा’ म्हटलं की ते राहून जातं.

विचारण्याचा सूरही महत्त्वाचा. ‘लक्ष नव्हतं का तुमचं?’ असा एक शब्द निघाला की आठवण तिथेच बंद होते. ‘या वयात हे लक्ष ठेवूनही होतं, म्हणून प्रत्येकाला विचारतो’, असं आधी सांगितलं तर लोक मोकळेपणाने बोलतात.

शेवटी औषधांचा इतिहास. पंपाने किंवा वाफेने किती फरक पडला आणि किती वेळ टिकला? स्टेरॉइडने बरं वाटलं म्हणजे दमा सिद्ध झाला, असं मानू नका. स्टेरॉइडने तुकड्याभोवतीची सूजही उतरते, हवा जायला वाट मिळते आणि आवाज कमी होतो. अँटिबायोटिकनेही अडथळ्यामागचा संसर्ग तात्पुरता दबतो. न्यूमोनिया दोनदा झाला असेल तर दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून पाहा. डाग दोन्ही वेळा एकाच जागी असेल, तर ती जागा दुर्बिणीने पाहायला हवी.

ठसक्याची आठवण कुणालाच नसली तरी शक्यता संपत नाही. काही मुलांचा ठसका कुणीच पाहिलेला नसतो. मात्र स्पष्ट, पाहिलेला ठसका सांगितला गेला असेल, तर तपासणी आणि एक्स-रे दोन्ही नॉर्मल असले तरी तो पुरावा बाजूला सारता येत नाही. या विषयात मला सर्वांत आग्रहाने सांगायचं आहे ते हेच.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

समजा 22 महिन्यांची मुलगी आहे. सात आठवड्यांपासून खोकला आणि घरघर. पहिल्यांदा वाफ आणि अँटिबायोटिक, दुसऱ्यांदा पाच दिवस तोंडाने स्टेरॉइड, त्यानंतर रोजचा पंप. स्टेरॉइडनंतर दहा दिवस चांगले गेले होते. छातीचा एक एक्स-रे काढला होता, ‘नॉर्मल’ असा अहवाल आहे. घरात कुणाला दमा नाही, तिला इसब नाही, याआधी कधी घरघर झालेली नाही.

आईला सुरुवात आठवते, कारण त्या दिवशी घरी पाहुणे होते. सर्दी नव्हती. ठसक्याचं वर्णन करून विचारल्यावर आई नाही म्हणते, पण आजीला फोन लावल्यावर त्या सांगतात, ‘अगं, दादाच्या हातातले दाणे घेऊन पळत होती ना, तेव्हा केवढा ठसका लागला होता. उलटी झाली, मग झोपली.’ ती उलटी झाली म्हणून दाणा निघाला असं सगळ्यांनी धरलं होतं.

आता तपासणी. मुलगी आईच्या मांडीवर शांत असताना, शक्य तर झोपेत, स्टेथोस्कोपने दोन्ही बाजू एकाच उंचीवर एकामागून एक ऐकायच्या. दम्यात आवाज दोन्हीकडे आणि वेगवेगळ्या पट्टीतले येतात. तिच्या डाव्या बाजूला श्वासाचा आवाज उजवीपेक्षा हलका आहे आणि फक्त तिथेच, बाहेर सोडताना, एकाच सुराची शिट्टी येते. खोकल्यानंतरही ती तिथेच राहते. ऑक्सिजन 96 टक्के, श्वासाची फारशी ओढाताण नाही. बाहेरून मूल आजारी वाटत नाही, आणि म्हणूनच सात आठवडे गेले.

डाव्या बाजूचं आश्चर्य वाटून घेऊ नका. मोठ्या माणसांत तुकडा उजवीकडे जाण्याकडे कल असतो, पण लहान मुलांत डावी बाजू पुष्कळदा सापडते. तुकडा मुख्य श्वासनलिकेतच असेल तर आवाज दोन्हीकडे येतो आणि तो दम्यासारखाच वाटतो, त्यामुळे ‘दोन्हीकडे घरघर आहे, म्हणजे अडकलेलं काही नाही’ हा निष्कर्षही चुकीचा.

एक्स-रे: काय दाखवतो, काय दाखवत नाही

अडकणाऱ्या बहुतेक वस्तू खाद्यपदार्थ असतात आणि त्या एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा परिणाम. श्वास घेताना नळी थोडी रुंदावते, हवा तुकड्याच्या कडेने आत जाते. श्वास सोडताना नळी आकुंचन पावते आणि वाट बंद होते. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखं हे काम चालतं, हवा आत जाते पण बाहेर येत नाही. त्यामुळे त्या बाजूचं फुप्फुस फुगलेलं राहतं. नेहमीचा एक्स-रे श्वास आत घेतलेला असताना काढतात, तेव्हा दोन्ही फुप्फुसं भरलेली असतात आणि फरक लपतो. श्वास सोडलेल्या क्षणी काढलेल्या फिल्ममध्ये चांगली बाजू रिकामी होऊन पांढरट दिसते, अडकलेली बाजू काळी राहते आणि हृदय चांगल्या बाजूकडे सरकतं.

दोन वर्षांच्या मुलाला ‘श्वास सोडून धर’ सांगता येत नाही. मूल रडत असताना श्वास सोडण्याच्या टोकाला फिल्म घेणं किंवा स्क्रीनखाली छातीची हालचाल पाहणं हे पर्याय आहेत. कुशीवर झोपवून फिल्म काढण्याची पद्धतही आहे: खालच्या बाजूचं फुप्फुस दबून लहान व्हायला हवं, ते फुगलेलंच राहिलं तर संशय. ही पद्धत फार भरवशाची नाही, तिच्या नॉर्मल निकालावर मूल घरी पाठवू नये.

आपल्या उदाहरणातल्या मुलीची श्वास सोडतानाची फिल्म काढल्यावर डावं फुप्फुस काळं राहतं आणि हृदय उजवीकडे सरकलेलं दिसतं. इथे आणखी तपासणी नको. सीटी स्कॅनचा उपयोग संशय अर्धवट असतो तेव्हा: ठसक्याची आठवण नाही, पण घरघर जात नाही. बारीक काप घेतलेल्या चांगल्या सीटीत नळ्या मोकळ्या दिसल्या तर मुलाची भूल आणि दुर्बीण वाचू शकते. घट्ट कफाचा गोळाही सीटीत तुकड्यासारखा दिसतो, हे लक्षात ठेवावं. ठसकाही आहे आणि एका बाजूचा आवाजही आहे, तिथे सीटीमुळे फक्त वेळ जातो.

दुर्बीण कधी

श्वासाला ओढ असेल, ऑक्सिजन कमी असेल, आवाज बसला असेल किंवा श्वास आत घेताना घोरल्यासारखा आवाज येत असेल, तर तुकडा वर, स्वरयंत्राजवळ किंवा मुख्य नळीत असण्याची शक्यता असते आणि दुर्बीण लगेच लागते. उपाशी असण्याची वाट पाहत बसता येत नाही. बटण बॅटरीचा संशय असेल तर मूल कितीही छान दिसत असलं तरी तीच घाई, कारण बॅटरी ओलसर अस्तरावर काही तासांत भाजल्यासारखी जखम करते. एक्स-रेमध्ये गोल वस्तूच्या कडेला दुहेरी रेघ दिसली तर ती नाणं समजून सोडू नका. टोकदार वस्तूलाही थांबू नये.

मूल स्थिर असेल आणि घटना ताजी असेल, तर 24 तासांच्या आत, दिवसा, पूर्ण तयारीच्या टीमकडून दुर्बीण करणं मला सर्वांत सुरक्षित वाटतं. मध्यरात्री अपुऱ्या माणसांनिशी आणि भरल्या पोटी भूल देण्यापेक्षा सहा तास उपाशी ठेवून सकाळी करणं बरं. अट एकच, ही वाट घरी नव्हे तर रुग्णालयात पाहायची, ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावून, शिरेत सुई ठेवून आणि तोंडाने काही न देता. कडधान्याचा दाणा असेल तर तो फुगायच्या आत काढलेला चांगला.

आठवड्यांनंतर सापडलेल्या मुलात गणित थोडं वेगळं आहे. नळीला सूज असते, गाठी असतात, मागे संसर्ग असतो. ताप आणि न्यूमोनिया असेल तर अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एक-दोन दिवस, फार तर काही दिवस देऊन सूज उतरवता येते आणि मग दुर्बीण सोपी जाते. पण ही तयारी आहे, उपचार नव्हे. बरं वाटू लागलं म्हणून तारीख पुढे ढकलली, तर पुन्हा तोच फेरा सुरू होतो.

वाट पाहत असताना छातीवर थापटून कफ काढण्याचे व्यायाम किंवा उलटं धरणं टाळा. सैल झालेला तुकडा वर येऊन स्वरयंत्राखालच्या अरुंद जागेत अडकला तर एका फुप्फुसाचा अडथळा क्षणात दोन्हींचा होतो. दुसऱ्या रुग्णालयात न्यायचं असेल तर मूल बसलेल्या स्थितीत, पालकांच्या मांडीवर, आणि सोबत श्वासमार्ग सांभाळू शकणारा माणूस.

दुर्बिणीच्या वेळी काय होतं

तुकडा काढण्यासाठी प्रामुख्याने धातूची ताठ नळी वापरतात. तिच्यातूनच भूल आणि ऑक्सिजन देता येतो, आणि आतून दुर्बीण व चिमटा घालता येतो. लवचीक दुर्बीण संशय तपासायला उत्तम. काही अनुभवी केंद्रांत तिनेच तुकडेही काढतात, पण ताठ नळी शेजारी तयार हवीच. भूलतज्ज्ञ आणि दुर्बीण घालणारे डॉक्टर एकाच वाटेवर काम करत असतात, म्हणून अडचण आली तर कोण काय करणार हे आधी बोलून घेतलेलं असावं.

शेंगदाणा जुना झाला की ठिसूळ होतो. चिमटा घट्ट दाबला तर त्याचे तुकडे होऊन खाली जातात. आपल्या मुलीच्या डाव्या मुख्य नळीत अर्धा दाणा आहे आणि भोवती लालसर गाठी आहेत. आधी कफ ओढून घ्यायचा, पातळ केलेलं ॲड्रेनॅलिन लावून रक्त थांबवायचं आणि मग दाणा हलक्या हाताने पकडायचा. दाणा नळीतून आत ओढता येत नसेल तर चिमटा, दाणा आणि नळी तिन्ही एकत्र बाहेर काढायचं. सर्वांत धोक्याचा क्षण स्वरयंत्रापाशी असतो, तिथे दाणा निसटतो. निसटून वाट बंद झाली आणि लगेच पकडता आला नाही, तर तो खाली, ज्या बाजूला आधी होता तिकडेच ढकलायचा, दुसऱ्या फुप्फुसाला हवा द्यायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. चांगल्या बाजूला गेला तर दुहेरी संकट होतं, कारण आजारी बाजू अजून नीट काम करत नसते.

दाणा निघाला तरी काम संपत नाही. नळी पुन्हा घालून दोन्ही बाजू, शाखांपर्यंत पाहायच्या. दुसरा तुकडा राहिलेला असू शकतो. रक्तामुळे काही दिसेनासं झालं तर हट्ट न करता थांबून, काही दिवस औषध देऊन पुन्हा येणं शहाणपणाचं.

दुर्बिणीत काहीच सापडलं नाही तर? काही मुलांत तसं होणारच. स्पष्ट ठसक्यानंतर नळ्या मोकळ्या दिसणं ही वाया गेलेली तपासणी नव्हे. त्याच वेळी नळी बाहेरून दाबणारी क्षयाची गाठ किंवा रक्तवाहिनी, मऊ पडलेली भिंत, घट्ट कफाचा गोळा, एका बाजूच्या घरघरीची ही बाकीची कारणंही तपासून होतात.

त्यानंतर

पहिले काही तास घशाजवळच्या सुजेवर लक्ष ठेवायचं. भुंकल्यासारखा खोकला किंवा श्वास घेताना आवाज आला तर स्टेरॉइड आणि ॲड्रेनॅलिनची वाफ लागते. ताजा तुकडा सहज निघालेलं मूल बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जातं. जुन्या तुकड्यानंतर डाव्या बाजूचा आवाज परत भरायला काही दिवस लागतात.

या मुलीचा रोजचा पंप बंद करून चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, दोन्ही बाजू ऐकायच्या आणि एक्स-रे पाहायचा. घरघर गेली असेल तर फाइलवरचा ‘बाळदमा’ खोडायला सांगा, नाहीतर तो शाळेपर्यंत सोबत जातो. घरघर त्याच जागी राहिली असेल तर उरलेला तुकडा किंवा अरुंद झालेली नळी शोधायला पुन्हा दुर्बीण लागू शकते. ओला खोकला महिनाभर टिकला तर त्या भागातल्या नळ्या कायमच्या रुंदावल्या आहेत का, हे पाहायला सीटी करावा लागतो. आणि दोन्हीकडची, सर्दीबरोबर येणारी घरघर उरली, तर तिला खरोखर दमाही असू शकतो, त्याचे उपचार वेगळे चालू ठेवायचे.

घरी सोडताना पालकांना सांगायचं ते असं: अख्खे दाणे, सुकामेवा आणि कठीण बिया चार-पाच वर्षांपर्यंत नकोत, बारीक कूट किंवा पातळ लावलेलं दाण्यांचं बटर चालेल. खाताना मूल बसलेलं असावं. आणि मोठ्या भावाला रागावू नका, त्याला फक्त एवढं समजावून सांगा की तिला काही द्यायचं असेल तर आधी मोठ्यांना विचारायचं.